वायफायच्या काड्या फुल्ल, तरी इंटरनेट का नाही?

प्रश्न: घरी फायबरचं कनेक्शन आहे. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात, Connected असं लिहून येतं, पण व्हॉट्सॲपवर मेसेज जात नाही आणि यूट्यूब नुसतं गोल फिरत राहतं. कधी कधी खाली no internet असंही दिसतं. केबलवाले म्हणतात राऊटर बदला, मुलगा म्हणतो लाइनच बंद आहे. वायफाय जोडलं म्हणजे इंटरनेट सुरू, असंच ना? मला यातलं काहीही कळत नाही, अगदी पहिल्यापासून सांगाल का?

उत्तर:

नाही, तसं नाही. ते कसं, हे एका साध्या गोष्टीवरून लक्षात येईल. दुकानातून नवा राऊटर आणला, खोक्यातून काढला आणि फक्त विजेच्या प्लगला लावला, दुसरी एकही वायर जोडली नाही, तरी दोन-तीन मिनिटांत तुमच्या मोबाइलला त्याचं नाव दिसेल. राऊटरच्या खाली चिकटवलेला पासवर्ड टाकलात की मोबाइल Connected म्हणेल आणि सगळ्या काड्या फुल्ल दिसतील. त्या राऊटरचा बाहेरच्या जगाशी काडीचाही संबंध नसताना हे सगळं होतं.

याचं कारण असं, की वायफाय म्हणजे तुमचा मोबाइल आणि तुमच्याच घरातला राऊटर यांच्यातला रेडिओचा दुवा. हा दुवा राऊटरपाशीच संपतो. वरच्या काड्या फक्त एवढंच सांगतात, की राऊटरच्या लहरी मोबाइलपर्यंत किती जोरात पोचताहेत. राऊटरच्या पुढे काय चाललं आहे, याची त्या काड्यांना काहीच खबर नसते. इंटरनेट येतं ते राऊटरच्या मागच्या बाजूने: काचेची बारीक तार घरातून निघून खांबावर किंवा इमारतीच्या डक्टमध्ये जाते, तिथून केबलवाल्यांच्या किंवा कंपनीच्या केंद्रात, आणि मग पुढे. मोबाइल ते राऊटर हा पहिला टप्पा आणि राऊटर ते बाहेर हा दुसरा. तुमच्याकडे पहिला टप्पा चालू आहे आणि दुसऱ्यात कुठेतरी अडलं आहे, असा माझा अंदाज आहे. नक्की कुठे, हे घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं.

मग मोबाइलला no internet हे कळतं कुठून? तो दर वेळी वायफायला जोडला गेला की गुपचूप एक छोटी चाचणी घेतो. अँड्रॉइड मोबाइल गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ या क्रमांकाचं, आत काहीही मजकूर नसलेलं उत्तर येण्याची वाट बघतो. विंडोज लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडून एक चिमुकली फाइल मागवतो, तिच्यात Microsoft Connect Test एवढेच शब्द असतात. आयफोनला ॲपलकडून Success असं उत्तर हवं असतं. अपेक्षित उत्तर आलं तर मोबाइल गप्प राहतो, काहीच आलं नाही तर no internet लिहितो किंवा वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह टाकतो.

उत्तर आलं, पण अपेक्षेपेक्षा वेगळं आलं, तर त्याला कळतं की मध्ये कुणीतरी अडवून स्वतःचं पान दाखवतं आहे. रेल्वे स्टेशन, हॉटेल किंवा विमानतळावरच्या वायफायला जोडल्यावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान आपोआप उघडतं, ते याच चाचणीमुळे. तिथेही ओटीपी टाकेपर्यंत तुम्ही वायफायला पूर्ण जोडलेले असता आणि इंटरनेट मात्र शून्य असतं. घरच्या कनेक्शनचा रिचार्ज संपल्यावर बऱ्याच कंपन्या असंच पैसे भरण्याचं पान समोर आणतात. ते पान नेहमी आपोआप उघडतंच असं नाही, म्हणून सगळ्यात आधी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा मेसेजमध्ये प्लॅनची शेवटची तारीख बघून घ्या.

आता तपासणी. सुरुवात करण्यापूर्वी मोबाइलचा डेटा बंद करा. ही पायरी लोक हमखास विसरतात. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की मोबाइल मुकाट्याने सिमच्या डेटावर जातो. मग यूट्यूब चालायला लागतं, वायफाय सुधारलं असं वाटतं आणि खरा दोष तसाच राहतो. डेटा बंद, वायफाय चालू, आणि तुम्ही राऊटरच्याच खोलीत उभे, अशा स्थितीत पुढचं सगळं करायचं. राऊटरच्या खोलीत अशासाठी, की लहरी कमी पडण्याचा प्रश्न मधून निघून जावा. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरही बघा. एकाच मोबाइलला अडचण असेल आणि बाकी सगळे चालत असतील, तर लाइन आणि राऊटर दोन्ही ठीक आहेत. दोष त्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये आहे, आणि अशा वेळी ते वायफाय नाव मोबाइलमधून Forget करून पासवर्ड पुन्हा टाकला तर बरेचदा काम होतं.

सगळ्याच उपकरणांवर बंद असेल तर पहिला टप्पा नक्की चालू आहे का, याची खात्री करू. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टॅप केलं की तपशिलात Gateway किंवा Router अशी ओळ दिसते आणि तिच्यापुढे 192.168.1.1 सारखा आकडा असतो. तो तुमच्या राऊटरचा घरातला पत्ता. काही घरांत तो 192.168.0.1 असतो, काहींत 192.168.29.1, म्हणून माझा आकडा न घेता तुमच्या स्क्रीनवरचाच घ्या. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करा. राऊटरचं लॉगिनचं पान उघडलं, तर मोबाइल आणि राऊटर एकमेकांशी व्यवस्थित बोलताहेत. हे पान उघडायला इंटरनेट लागत नाही, कारण ते राऊटरच्याच पोटातून येतं. पान उघडलं नाही, तर बहुधा पहिल्याच टप्प्यात अडलं आहे, आणि मोबाइलचा स्वतःचा आयपी पत्ता 169.254 ने सुरू होणारा दिसला, तर राऊटरने मोबाइलला पत्ताच दिलेला नाही. तेव्हा मात्र काड्या कितीही असोत, अडचण घरातच आहे.

दुसरा टप्पा बघायला डब्यावरचे दिवे कामाला येतात. इथे तुमच्या घरची मांडणी कशी आहे यावर बरंच अवलंबून आहे. काही घरांत काचेची तार घेणारा डबा आणि वायफाय देणारा राऊटर हे दोन वेगळे असतात, काहींत दोन्ही कामं एकाच डब्यात असतात. इमारतीच्या गच्चीवरून किंवा जिन्यातून साधी निळी-राखाडी नेटवर्क केबल आली असेल तर काचेची तार घरात नसतेच, आणि पुढचे दोन दिवेही नसतात. तुम्ही फायबर म्हणालात, म्हणून ते आहेत असं धरतो.

ज्या डब्यात पिवळी, पांढरी किंवा काळी बारीक तार हिरव्या टोपणाने शिरते, त्यावर PON आणि LOS असे दिवे शोधा. PON स्थिर हिरवा आणि LOS विझलेला, म्हणजे केंद्रातून येणारा प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतो आहे. LOS लाल होऊन लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही: तार कुठेतरी तुटली आहे, उंदराने कुरतडली आहे, टोपण सैल झालं आहे किंवा तार फार मुरगळली आहे. घरात तारेला हाताच्या मुठीपेक्षा लहान वेटोळं पडलं असेल किंवा ती कपाटामागे चेपली असेल, तर ती हलक्या हाताने मोकळी करून एक मिनिट थांबा. त्यापलीकडे काही करू नका. टोपण उपसून साफ करायला जाऊ नका आणि तारेचं टोक डोळ्यासमोर मुळीच धरू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काही नाही असं वाटतं, पण तो डोळ्यात जाऊ देणं धोक्याचं आहे. LOS लाल असताना राऊटर बदलून काहीही होणार नाही. तिथे तार जोडणारा माणूसच यायला हवा.

आता जिथे खरा घोळ होतो तो भाग. PON हिरवा आहे, LOS विझलेला आहे, वायफाय फुल्ल आहे, राऊटरचं पान उघडतं, आणि तरी इंटरनेट नाही. यासाठी एक प्रसंग उलगडून बघू. संध्याकाळी मिनिटभर वीज गेली, परत आली, सगळे दिवे लागले, पण इंटरनेट आलं नाही. घरात लॅपटॉप आहे. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत cmd टाइप करून काळी खिडकी उघडा आणि, पहिल्या ओळीत तुमच्या राऊटरचा पत्ता घालून, एकेक ओळ देऊन बघा:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
ping google.com
```

पिंग म्हणजे समोरच्याला ‘आहेस का?’ असं विचारणं. प्रत्येक आज्ञेला विंडोज चार वेळा विचारतं. पहिली ओळ राऊटरला विचारते, दुसरी गूगलच्या एका सर्व्हरला थेट त्याच्या आकड्यावर, तिसरी नावावरून. आपल्या प्रसंगात पहिल्या ओळीला चारही वेळा Reply from 192.168.1.1 असं उत्तर आलं, पुढे time=2ms असं काहीतरी. पहिला टप्पा ठणठणीत. दुसऱ्या ओळीला चारही वेळा Request timed out आलं. याचा अर्थ विचारणा राऊटरपर्यंत गेली आणि त्यापुढे कुठेतरी हरवली.

इथे राऊटरच्या पानावर लॉगिन करून WAN किंवा Internet Status नावाचा, म्हणजे राऊटरच्या बाहेरच्या बाजूची स्थिती सांगणारा भाग बघायचा. लॉगिनचं नाव-पासवर्ड बहुतेक वेळा डब्याखालच्या स्टिकरवर असतं, पण काही कंपन्या ते ग्राहकाला देत नाहीत, तेव्हा ही पायरी सोडून द्यावी लागेल. आपल्या प्रसंगात तिथे IP Address पुढे 0.0.0.0 आहे आणि स्थिती Disconnected किंवा Connecting अशी अडकली आहे. म्हणजे काचेची तार चालू आहे, पण कंपनीने तुमच्या राऊटरला अजून आत घेतलेलं नाही. मोबाइल जसा वायफायचा पासवर्ड देऊन राऊटरला जोडला जातो, तसा अनेक कनेक्शनमध्ये राऊटरही स्वतःचं वेगळं नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीकडे लॉगिन करतो. या पद्धतीला PPPoE म्हणतात आणि राऊटरच्या पानावर तोच शब्द दिसतो. हे नाव-पासवर्ड तुमच्या वायफायच्या नाव-पासवर्डापेक्षा पूर्णपणे निराळे असतात. तुमच्या मोबाइलला वायफाय ओळखतं म्हणून कंपनी तुमच्या राऊटरला ओळखेलच, असं नाही.

वीज गेल्यावर हे लॉगिन का अडतं? वीज अचानक गेली की राऊटर कंपनीला निरोप न देताच बंद पडतो. कंपनीच्या यंत्रणेला वाटतं तो अजून जोडलेलाच आहे. लगेच वीज आली आणि राऊटर पुन्हा लॉगिन करायला गेला, की एका खात्यावर दोन लॉगिन चालत नाहीत म्हणून काही वेळा त्याला नाकारलं जातं. जुनं लॉगिन आपोआप रद्द व्हायला काही मिनिटं जातात. म्हणून दोन सेकंद बंद करून लगेच चालू करण्याचा उपयोग होत नाही. डब्यांची वीज बंद करा, १० मिनिटं थांबा, आधी काचेच्या तारेचा डबा चालू करा, PON स्थिर हिरवा झाला की राऊटर चालू करा आणि आणखी ५ मिनिटं द्या. दुसरी शक्यता अशी, की तुमच्या घरी वीज आली पण केबलवाल्यांच्या जवळच्या पेटीतली किंवा केंद्रातली यंत्रं अजून बंद आहेत. तुमच्या भागातल्या शेजाऱ्यांचंही त्याच कंपनीचं इंटरनेट बंद असेल तर तुम्ही काही करू नका, थांबा.

या टप्प्यावर एक गोष्ट कळकळीने सांगतो. राऊटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, त्यावर RESET लिहिलेलं असतं. ते दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. टाचणी १० सेकंद दाबून धरली की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमचं वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचं नाव-पासवर्डही पुसलं जातं. त्यानंतर मोबाइल स्टिकरवरच्या पासवर्डने वायफायला छान जोडला जातो, काड्या फुल्ल दिसतात, आणि इंटरनेट येण्याची शक्यता मात्र संपलेली असते, कारण राऊटरला आता कंपनीला काय सांगायचं हेच माहीत नसतं. मूळ दोष पाच मिनिटांत आपोआप सुटणारा असला, तरी आता माणूस घरी येईपर्यंत थांबावं लागतं. राऊटरमधलं PPPoE नाव केबलवाल्यांकडून आजच लिहून घ्या आणि पासवर्डही मागून ठेवा.

आता समजा दुसऱ्या ओळीला, म्हणजे 8.8.8.8 ला, उत्तरं येताहेत, पण तिसऱ्या ओळीला Ping request could not find host google.com असं आलं. ही निराळी गत आहे. इंटरनेट चालू आहे, पण नावावरून आकडा शोधून देणारी सेवा चालत नाही. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपण google.com लिहिलं की आधी डीएनएस नावाच्या सेवेला विचारून तो आकडा मिळवावा लागतो. ती सेवा अडली की ब्राउझरमध्ये DNS_PROBE ने सुरू होणारी चूक दिसते आणि माणसाला वाटतं इंटरनेटच गेलं. राऊटर एकदा बंद-चालू करून बघा. एकाच अँड्रॉइड मोबाइलवर असं होत असेल तर सेटिंगमध्ये Private DNS शोधा आणि ते Automatic वर ठेवा. जाहिराती अडवण्यासाठी कुणीतरी तिथे एखादा पत्ता टाकून दिलेला असतो आणि तो बंद पडला की त्या मोबाइलवरच्या सगळ्या साइट एकदम थांबतात.

लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. राऊटरचं पान उघडतं का, LOS लाल आहे का, आणि शेजाऱ्यांचं चालू आहे का, या तीन उत्तरांवरून फोनवर पुरेसं सांगता येतं. तक्रार करताना ‘वायफाय चालत नाही’ असं म्हणू नका, कारण पलीकडचा माणूस तुम्हाला वायफायचा पासवर्ड बदलायला लावेल आणि अर्धा तास जाईल. असं सांगा: ‘वायफाय जोडलं जातंय, राऊटरचं पान उघडतंय, PON हिरवा स्थिर आहे, LOS बंद आहे, पण राऊटरला WAN आयपी मिळत नाही, घरातल्या सगळ्या मोबाइलवर तेच आहे.’ एवढ्या वाक्यावर त्यांना वायफायचे प्रश्न विचारण्याचं कारण उरत नाही, त्यांना तुमचं खातं आणि त्यांच्या बाजूचं लॉगिन बघावं लागतं. WAN आयपी 100 ने सुरू होणारा दिसला तर घाबरू नका, अनेक कंपन्या घरगुती ग्राहकांना तसाच पत्ता देतात आणि त्याने रोजच्या वापरात काही बिघडत नाही.

राऊटर बदलण्याबद्दल माझं मत असं. सगळ्या उपकरणांवर, राऊटरच्याच खोलीत, ping 192.168.1.1 ला अधूनमधून Request timed out येत असेल, किंवा डब्यावरचे सगळे दिवे आपोआप एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर राऊटरवर संशय घ्यायला जागा आहे. पण तेव्हाही आधी त्याचा ॲडॉप्टर बदलून बघा. बऱ्याच घरगुती राऊटरना १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो. तो जुना झाला की दिवे लावण्यापुरती वीज देतो, पण जास्त मोबाइल जोडले गेले की कमी पडतो आणि राऊटर स्वतःच बंद-चालू होत राहतो. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, आणि पिनची जाडी व आतल्या-बाहेरच्या ध्रुवांची खूण जुळायला हवी. हे दुकानात जुना ॲडॉप्टर सोबत नेऊन दाखवलं की लगेच मिळतं, आणि नव्या राऊटरच्या मानाने त्याला फारच थोडे पैसे पडतात.